वारा गेला द्राक्षमळ्यात

(पहिली-दुसरीच्या मुलांसाठी. नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या बाजूला आमची शाळा आहे आणि वर्गातल्या बहुतेक घरी द्राक्षबाग. खोड, ओलांडा, काडी, मणी हे शब्द मुलांना अआइई आधी येतात. आपल्या छातीत तसलीच एक वेल उलटी टांगलेली आहे, खोड वर आणि घड खाली. म्हणून हे गाणं. ताईने ओळी म्हणायच्या, ठळक प्रश्न आला की मुलांनी त्या त्या जागी हात ठेवून उत्तर ओरडायचं. उत्तर दर वेळी लांबत जातं, तीच खरी गंमत.)

ब्रह्मगिरीचा गार वारा
गोदाकाठी मारी फेरा.
नाकापाशी आला थेट,
आत जाऊन घेतो भेट.

दारं दोन, नाकपुड्या,
वारा घेतो त्यात उड्या.
आत केसांची दाट जाळी,
तिथेच अडते धूळ काळी.
ओल लागली, ऊब लागली,
वाऱ्याची मग थंडी पळाली.

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक!

(शूर्पणखेच्या नाकाची पंचवटीतली गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. नासिकेवरून नाशिक, असं सांगितलं की सगळे आपापलं नाक चाचपून बघतात. बघू द्यावं.)

नाकामागे लागला घसा,
चौकच पेठेतला जसा.
वाट मागची ती घासाची,
वाट पुढची ती श्वासाची.
घास गिळता पडते झाकण,
वाटेची त्या करते राखण.

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा!

झाकणाखाली स्वरयंत्र,
गाण्याचा तर तिथेच मंत्र.
आऽऽ म्हण नि धर गळा,
बोटांत होते थरथर, बाळा!

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा, स्वरयंत्र!

(इथे घाई करू नये. प्रत्येकाला गळ्यावर बोटं ठेवून ‘आऽऽ’ म्हणू द्यावं, मग गप्प राहून पुन्हा बघू द्यावं. थरथर थांबते, हे स्वतःला कळलेलं मूल ते विसरत नाही.)

पुढे लांब श्वासनलिका,
वारा जातो हलका हलका.
चंद्रकोरीच्या कड्या तिला,
मिटू न देती वाटेला.

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा, स्वरयंत्र,
श्वासनलिका!

वेलीला जसे दोन ओलांडे,
दोन श्वसनींत वारा सांडे.
उजवी उजव्या फुफ्फुसात,
डावी डाव्या फुफ्फुसात.
डावं फुफ्फुस जरा लहान,
हृदयाला ते देई स्थान.

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा, स्वरयंत्र,
श्वासनलिका, श्वसनी!

(दोन्ही हात मांडवावरच्या ओलांड्यांसारखे पसरायचे. पुढच्या कडव्याला बोटं फाकवायची, त्या काड्या.)

ओलांड्याला बारीक काड्या,
श्वसनिका म्हण त्यांना, गड्या.
काडीला काडी फुटत जाते,
वाट आणखी बारीक होते.

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा, स्वरयंत्र,
श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका!

काडीला आले मणी मणी,
नाशिकची द्राक्षं आणली कोणी?
द्राक्षं नव्हेत, वायुकोश!
वाऱ्याला बघ आला जोश.
पातळ पातळ त्यांची साल,
बाहेर वाहे रक्त लाल.
वारा देतो प्राणवायू,
रक्त म्हणतं, “आता जाऊ!”

वाऱ्या वाऱ्या, कुठवर आलास?
नाक, घसा, स्वरयंत्र,
श्वासनलिका, श्वसनी,
श्वसनिका, वायुकोश!

(“ताई, किती मणी?” असं कोणीतरी विचारतंच. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे 30 ते 50 कोटी, आणि डोळ्यांना एकेकटा दिसणार नाही इतके बारीक. तान्ह्या बाळाला पुष्कळ कमी असतात, वाढत्या वयात नवे येत राहतात. म्हणजे गाणं म्हणणाऱ्या पोरांच्या छातीत घड अजून भरतोच आहे. मला हे सांगताना दर वेळी आनंद होतो. द्राक्षाच्या मण्यात रस असतो, वायुकोशात हवा, एवढा फरक मात्र आवर्जून सांगावा.)

नको ती हवा सोबत घेऊन
वारा निघाला मागे फिरून.
मणी सोडले, काडी सोडली,
ओलांड्यावरून उडी मारली,
खोड चढून घशात आला,
नाकातून... हुश्श! बाहेर गेला.

(‘हुश्श’ला सगळ्यांनी एकदम श्वास सोडायचा. मग एक खोल श्वास आत, आणि “ब्रह्मगिरीचा गार वारा” पुन्हा पहिल्यापासून.)