विषय: मंजूर भत्त्याचा पहिला हप्ता न मिळाल्याने वसतिगृहाची फी थकली आहे, ३१ जानेवारीपूर्वी कार्यवाही व्हावी ही विनंती

प्रति,
मा. शिष्यवृत्ती अधिकारी,
पुणे

दिनांक: २० जानेवारी २०२६
अर्ज क्रमांक: २५२६/पुणे/०३८१७

महोदय,

मी प्रतीक्षा कांबळे, मूळची औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. पुण्यात एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकते आणि कर्वेनगरला मुलींच्या एका खासगी वसतिगृहात राहते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठीचा भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मला २०२५-२६ या वर्षाकरिता मंजूर झाला आहे. मंजुरीचे ४ नोव्हेंबरचे पत्र सोबत जोडले आहे. पहिला हप्ता मात्र अजून खात्यावर आलेला नाही. वसतिगृहाने दुसऱ्या सत्राच्या फीसाठी ३१ जानेवारी ही शेवटची तारीख दिली असून, त्यानंतर माझी कॉट दुसऱ्या मुलीला दिली जाईल असे लेखी कळवले आहे.

मंजूर रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. वसतिगृहाची फी एका सत्राला २४,००० रुपये, चौघींच्या खोलीत. डब्याचे महिन्याला ३,२०० वेगळे. भत्त्यात सगळे भागत नाही हे आम्हाला प्रवेश घेतानाच माहीत होते. वरचे घरून भरायचे, असे ठरवूनच मी पुण्यात आले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त वेळेची.

पहिल्या सत्राची फी बाबांनी भरली. मंजुरी येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, कारण फी भरल्याची पावती आणि वसतिगृहाचा दाखला अर्जासोबत जोडावाच लागतो. भत्ता आला की ते पैसे घरी परत करायचे आणि त्यातून रब्बीचे भागवायचे, असा हिशोब होता. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आपल्याला माहीत आहेच. आमचे सोयाबीन काढणीला आलेले होते. जे हाती लागले ते ओले आणि डागी होते. यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल घेत नाहीत. वाळवून, थांबून विकायला हातात पैसा लागतो. तो नव्हता, म्हणून बाबांनी मिळेल त्या भावाने आडतीवर माल घातला आणि वर उचलही घेतली. माझा हप्ता नोव्हेंबरात आला असता, तर निदान उचल तरी घ्यावी लागली नसती. आता दुसऱ्या सत्राच्या फीसाठी त्यांच्याकडे पुन्हा हात पसरायला माझी जीभ रेटत नाही, आणि रेटली तरी त्यांच्याकडे द्यायला काही नाही.

कार्यालयात चौकशीला आले तेव्हा आणि फोनवरही मला बहुतेक वेळा सांगण्यात आले की आधार लिंक नसेल, बँकेत जाऊन बघा. म्हणून ती बाजू मी पूर्ण तपासली आहे. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे अर्जातल्या खाते क्रमांकावर न जाता, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात, हे मला बँकेतल्या अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले. माझे आधार ज्या खात्याला जोडलेले आहे तेच खाते अर्जात आहे, शेवटचे चार अंक ४४७१. आधारच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती Active दिसते; त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. खाते चालू आहे, केवायसी झालेली आहे, आणि पासबुकाची १९ जानेवारीपर्यंतची प्रतही सोबत आहे. पैसे पाठवले आणि परत गेले, असेही झालेले नाही. तशी कोणतीही नोंद बँकेकडे नाही. तेव्हा अडचण माझ्या खात्यात नाही एवढे कृपया गृहीत धरावे, म्हणजे पुढचे बोलता येईल.

माझा अर्ज नेमका कुठे थांबला आहे, हे मला कळत नाही. शासनाकडून अनुदानच आलेले नाही, की बीम्स प्रणालीवर निधी आला आहे पण देयक तयार व्हायचे आहे, की देयक कोषागारात गेले आहे आणि तिथून निघायचे आहे? या तिन्हींचे उत्तर वेगळे आहे. अनुदान नसेल तर आपल्या कार्यालयाच्याही हातात फारसे नाही, हे मी समजू शकते. पण देयक टेबलावर असेल तर ते पुढे सरकवणे आपल्या हातात आहे. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमात कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे म्हटले आहे. मी हे कुणावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. खिडकीवरच्या मॅडमसमोर केवढा ढीग असतो तो मी पाहिला आहे, आणि तशा गर्दीतही त्यांनी माझा क्रमांक वहीत शोधून दिला होता. फक्त फाइल कुठे आहे, एवढे तरी मला लेखी कळावे.

आता मुद्दा वसतिगृहाचा. हा भत्ता शासकीय वसतिगृहाच्या ऐवजी दिला जातो. तिथे जागा मिळालेल्या मुलीला खोली मिळते आणि वर्षभर जेवण मिळते. जिला जागा मिळाली नाही, तिला त्याच सोयीची रक्कम मिळावी, हा या योजनेचा उद्देश आहे. मार्चअखेर सगळे पैसे एकदम जमा झाले तर कागदावर मला पूर्ण लाभ मिळालेला दिसेल, पण ज्या महिन्यांत राहायला जागा हवी होती ते महिने तोपर्यंत निघून गेलेले असतील. खासगी वसतिगृह मार्चपर्यंत थांबत नाही. त्यांनाही जागेचे भाडे, पाण्याचे टँकर, कामाच्या बायकांचे पगार वेळेवर द्यावे लागतात. आमच्या रेक्टर बाई वाईट नाहीत. ५ जानेवारीची मुदत त्यांनीच वाढवून दिली. ६ तारखेपासून रोज ५० रुपये दंड मात्र चालू आहे, आणि थकबाकीदारांच्या खोली क्रमांकांचा कागद जिन्याजवळच्या फळ्यावर लावलेला आहे. त्यात माझ्या खोलीच्या आकड्यापुढे कंसात माझ्या कॉटचे अक्षर आहे. येता-जाता सगळ्या तो वाचतात.

डबा मी १ तारखेपासून एका वेळेचा केला आहे. संध्याकाळी खोलीतली मैत्रीण तिच्यातला अर्धा देते. तिचाही हप्ता यायचा आहे, हेही इथे सांगायला हवे. आमच्याच मजल्यावरची नांदेडची एक मुलगी संक्रांतीला घरी गेली ती सामान घेऊनच गेली. तिचाही भत्ता मंजूर होता.

मला वसतिगृह सोडावे लागले तर काय होईल, हे आपण लक्षात घ्यावे अशी कळकळीची विनंती आहे. दौंडला माझी मावशी राहते, तिच्याकडे जाऊन रोज रेल्वेने ये-जा करणे एवढाच पर्याय उरतो. आमची प्रात्यक्षिके सकाळी आठला सुरू होतात. आज माझी उपस्थिती ८८ टक्के आहे. गाडीच्या वेळांवर ती टिकणार नाही. आणि दुसऱ्या हप्त्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. शिवाय वसतिगृह बदलले की राहत असल्याचा दाखला, शपथपत्र सगळे नव्याने द्यावे लागेल आणि अर्ज पुन्हा पडताळणीला जाईल. म्हणजे हप्ता उशिरा आला म्हणून मी वसतिगृह सोडायचे, आणि वसतिगृह सोडले म्हणून पुढच्या हप्त्याला अपात्र ठरायचे. ज्या अटी मी आजपर्यंत पूर्ण पाळल्या, त्या केवळ उशिरामुळे माझ्याकडून मोडल्या जाणार आहेत. हे होऊ नये.

माझी पहिली विनंती अर्थातच पहिला हप्ता, म्हणजे ३०,००० रुपये, ३१ जानेवारीपूर्वी जमा करण्याची आहे. पूर्ण हप्त्याइतका निधी नसेल तर निदान निवासाचा भाग आधी द्यावा. भोजनाचे मी आणखी महिनाभर कसेतरी निभावून नेईन. तेही या मुदतीत शक्य नसेल, तर कार्यालयाच्या सहीशिक्क्याचे एक पत्र वसतिगृहाच्या रेक्टरांच्या नावे द्यावे: या विद्यार्थिनीचा भत्ता मंजूर आहे, रक्कम अदा होणे बाकी आहे, ती अमुक तारखेपर्यंत अपेक्षित आहे, तोपर्यंत प्रवेश रद्द करू नये. असे पत्र दिले तर थांबायला तयार आहोत, असे रेक्टर बाईंनी मला स्वतः सांगितले आहे. या पत्राला निधी लागत नाही. आणि ते फक्त मला देऊन भागणार नाही. मंजुरी होऊन हप्ता रखडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मागणी केल्यावर ते मिळावे. आमच्या वसतिगृहातल्या अशा मुलींची नावे व अर्ज क्रमांक त्यांच्या संमतीने वेगळ्या कागदावर जोडले आहेत.

तारीख देताना ती खरी द्यावी, एवढे मात्र मनापासून सांगते. "पुढच्या आठवड्यात होईल" या उत्तरावर मी रेक्टर बाईंना शब्द देत गेले आणि तो दर वेळी खोटा ठरला. फेब्रुवारीचा शेवट असेल तर तसे सांगावे. मग बाबा, मी आणि वसतिगृह मिळून काहीतरी मार्ग काढू. अंदाजच नसेल तर काहीच ठरवता येत नाही.

कार्यालयात बोलावल्यास मी मूळ कागदपत्रे घेऊन येईन. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोननंतर कधीही येऊ शकते. त्याआधी प्रात्यक्षिके असतात. माझा मोबाइल क्रमांक अर्जात नोंदवलेला आहे, तोच चालू आहे. या ईमेलची छापील प्रत उद्या आवक विभागात देऊन पोच घेणार आहे, म्हणजे ती नोंदीवर राहील.

सोबत: मंजुरी पत्र, आधार-बँक जोडणीचा स्क्रीनशॉट, पासबुकाची प्रत, वसतिगृहाची पहिल्या सत्राची पावती व थकबाकीची सूचना, महाविद्यालयाचा उपस्थिती दाखला, इतर विद्यार्थिनींची यादी.

आपली विश्वासू,
प्रतीक्षा कांबळे
एम.एस्सी. (संख्याशास्त्र), प्रथम वर्ष
कर्वेनगर, पुणे