बिलिंग टीमची सनद

ही सनद १ एप्रिलपासून लागू आहे. टीममध्ये सात जण आहेत: टीम लीड, प्रॉडक्ट मॅनेजर, तीन डेव्हलपर, एक टेस्टर आणि सपोर्ट टीमचा एक प्रतिनिधी.

आपण कशासाठी आहोत

ग्राहकाला दर महिन्याच्या १ तारखेला बरोबर बिल मिळावे आणि चूक झालीच तर दुसऱ्यांदा तक्रार करावी न लागता ती दुरुस्त व्हावी, यासाठी. योजनांचे दर ठरवणे आणि थकबाकीची वसुली ही आपली कामे नाहीत. ती आपल्याकडे आली तर प्रॉडक्ट मॅनेजर संबंधित विभागाकडे पाठवतील. कोणीही परस्पर 'करून टाकतो' म्हणू नये, कारण एकदा केलेले काम पुढच्या महिन्यापासून आपलेच धरले जाते.

कामाची रीत

सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत सगळे उपलब्ध असतील. मीटिंग याच वेळेत, आणि बुधवारी एकही नाही. चॅटवरच्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर पुरेसे आहे. तातडीचे असेल तर फोन करावा. तातडीचे म्हणजे फक्त तीन गोष्टी: चुकीची बिले बाहेर जात आहेत, पैसे दोनदा कापले जात आहेत किंवा बिले निघणे थांबले आहे. वरिष्ठांनी विचारले म्हणून एखादे काम तातडीचे होत नाही.

कोड रिव्ह्यू कामाच्या एका दिवसात व्हावा. बदल ४०० ओळींपेक्षा मोठा असेल तर तो तोडून द्यावा, कारण त्यापुढे वाचणारा नुसती नजर फिरवून मंजुरी देतो. महिन्याच्या २७ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २ तारखेपर्यंत बिलाच्या हिशेबाला हात लावायचा नाही. सुट्टीवर जाणाऱ्याने अर्धवट कामाची नोंद आदल्या दिवशी लिहून ठेवावी.

कोणता निर्णय कोणाचा

प्रत्येक निर्णयाला एकच धनी. बाकीच्यांचे मत तो घेईल, पण मतदान होणार नाही.

कोणते काम आधी, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतील. त्याआधी सपोर्ट प्रतिनिधीकडून त्या आठवड्याच्या तक्रारी ऐकणे बंधनकारक आहे. काम कसे करायचे, हे ते करणारा डेव्हलपर ठरवेल, आणखी एका डेव्हलपरशी बोलून. दुसऱ्या टीमच्या डेटावर परिणाम होणार असेल तर निर्णय टीम लीडचा.

रिलीज थांबवण्याचा अधिकार सातही जणांना आहे. कारण एका ओळीत लिहिले की पुरे, पटवून देण्याची गरज नाही. थांबवलेले रिलीज पुन्हा सुरू मात्र फक्त टेस्टर आणि लीड दोघे मिळून करतील. हा एकच निर्णय मुद्दाम दोघांकडे ठेवला आहे.

एका महिन्याच्या बिलाइतका परतावा सपोर्ट प्रतिनिधी स्वतः मंजूर करतील. त्याहून जास्त असेल तर प्रॉडक्ट मॅनेजर. एकाच चुकीचा फटका १०० हून अधिक ग्राहकांना बसला असेल तर विषय विभागप्रमुखांकडे.

मागे घेता येणारा निर्णय लगेच घ्यावा. मागे घेता न येणारा (जुना डेटा पुसणे, ग्राहकांना सामूहिक ईमेल पाठवणे) कामाच्या एका दिवसापूर्वी टीमच्या चॅनेलवर लिहावा. त्या वेळेत हरकत आली नाही तर संमती धरली जाईल. रजेवर असलेल्याचे मौन संमती नव्हे. निर्णयाच्या नोंदीत काय ठरले, कोणी ठरवले, का आणि कोणता पर्याय नाकारला, एवढे हवे. नाकारलेला पर्याय लिहिला नाही तर तोच वाद पुन्हा सुरू होतो. ठरलेला विषय पुन्हा काढायचा असेल तर नवी माहिती आणावी, जुनाच मुद्दा मोठ्या आवाजात नव्हे.

मतभेद झाला तर

आधी त्या व्यक्तीशी थेट बोलावे, दोन कामाच्या दिवसांत. काय घडले आणि त्याने कोणते काम अडले, एवढेच सांगावे. स्वभावावर बोलू नये. हे बोलणे समोरासमोर किंवा फोनवर व्हावे, चॅटवर नाही.

तिढा सुटला नाही तर दोघांनी मिळून टीममधल्या तिसऱ्या कोणाला तरी बसवावे. तो न्याय देणार नाही. प्रत्येकाचे म्हणणे दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगितले का, एवढे पाहील. तरीही अडले तर लीडकडे यावे, दोघांची बाजू अर्ध्या पानात लिहून. लीड तीन कामाच्या दिवसांत लेखी निर्णय देतील. तक्रार लीडबद्दलच असेल तर थेट विभागप्रमुखांकडे जावे.

छळ, धमकी, भेदभाव किंवा पैशांच्या गैरव्यवहाराला या पायऱ्या लागू नाहीत. अशा वेळी कोणाशी आधी बोलण्याची सक्ती नाही. कंपनीच्या तक्रार समितीकडे सरळ जावे.

निर्णय विरुद्ध गेला तरी तो अमलात आणायचा, आणि आपला विरोध नोंदीत लिहून ठेवायचा. बाहेरच्यांसमोर 'मी तर नकोच म्हणत होतो' चालणार नाही.

बदल

दर तीन महिन्यांनी ४५ मिनिटे ही सनद वाचायची. जो नियम त्या काळात कोणी पाळला नाही, तो काढायचा किंवा का पाळला नाही ते शोधायचे. बदलाला सातपैकी पाच जणांची संमती लागेल. नव्या सदस्याने पहिल्या आठवड्यात ती वाचून शंका विचाराव्यात, आणि त्याच्या सहीनंतर ती त्यालाही लागू होईल.