बंद घड्याळ – भाग १४: प्रारंभीचा गोषवारा

(ध्वनी: लंबकाच्या घड्याळाची टिकटिक, अगदी माइकजवळ. धून खालून येते आणि निवेदन सुरू होताच मागे जाते. टिकटिक चालू राहते.)

निवेदिका:
अकरा वर्षांनी माधव घरी आला, तो घर विकायचं म्हणून. वसुधाताईने सही करायला नकार दिला. बाबा गेले त्या रात्री बंद पडलेलं घड्याळ तिने परवा दुरुस्तीसाठी उघडलं. आत एक किल्ली निघाली, आणि बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी… ‘माधवला कळू देऊ नकोस.’ आज ती चिठ्ठी माधवच्या हातात आहे.

(निवेदिकेसाठी: घड्याळ लावून तीनदा वाचलं, वीस सेकंदांत बसतं. आत्या आणि वकिलांचं प्रकरण मुद्दाम गाळलंय. आजच पहिल्यांदा रेडिओ लावलेल्या माणसाला दोन नावं पुष्कळ झाली, आणि आजच्या भागाला ती दोनच लागतात. ‘ताई’ म्हटल्यावर नातं कळतंच, म्हणून ‘मोठी बहीण’ असं वेगळं लिहिलं नाही. चिठ्ठीआधी अर्धा श्वास थांबा, पण ते वाक्य नाटकी करू नका. जुनी पावती वाचावी तसं सपाट वाचा, काळजात तेच जास्त रुततं. वेळ कमी पडली तर ‘दुरुस्तीसाठी’ काढा. चिठ्ठीतला शब्द एकही जायला नको.)

(ध्वनी: धून विरते. टिकटिक माइकपासून लांब जाते. आता ती खोलीतल्या भिंतीवरून येते. कागद उलगडल्याचा आवाज.)

माधव: (हळू) ताई, हे बाबांचंच अक्षर ना?

वसुधा: तू आधी बस बघू.

माधव: उभाच बरा आहे मी. काय कळू द्यायचं नव्हतं मला?

वसुधा: मलाही ती परवाच सापडली रे.

माधव: आणि किल्ली?

(ध्वनी: क्षणभर फक्त टिकटिक. किल्ली लाकडी टेबलावर ठेवली जाते.)

वसुधा: माडीवरच्या खोलीची आहे. शेवटी शेवटी बाबा ती खोली मला झाडूही देत नव्हते. जेवण उंबऱ्याशी ठेवायचं आणि मी खाली यायचं.

माधव: चल मग. आत्ता उघडू.

वसुधा: थांब, माधव.

माधव: आता कशाला थांबायचं?

वसुधा: मी उघडली होती. परवा रात्रीच.

(ध्वनी: खुर्ची मागे सरकते. माधवचा श्वास.)

माधव: काय आहे आत?

वसुधा: तुझी पत्रं. अकरा वर्षांची. सगळी फोडलेली… आणि प्रत्येकाला बाबांनी लिहिलेलं उत्तर.

(ध्वनी: घड्याळाचा एक ठोका. त्याच्या घुमण्यातून शीर्षकधून, पूर्ण आवाजात.)