भाजीबाजार: इयत्ता पहिली, इंग्रजी (तास ३५ मिनिटे)

शिक्षकांसाठी: आज फक्त कान आणि तोंड. एबीसीडी फळ्यावर लिहायची नाही. पिशवीत खरा कांदा, बटाटा, वांगं, गाजर आणि लिंबू आणावं; चित्रापेक्षा हातातली भाजी बरी. मिरची नको, मुलं तोच हात डोळ्याला लावतात.

एकेकाने डोळे मिटून पिशवीत हात घालावा, चाचपून मराठीत नाव सांगावं. लगेच आपण म्हणायचं, “धिस इज अ‍ॅन अनियन.” वर्गाने तीनदा म्हणावं. नंतर दुकान मांडावं. गिऱ्हाईक म्हणेल, “पोटॅटो, प्लीज.” दुकानदार बटाटा देत म्हणेल, “हिअर यू आर.” मुलं मध्येच घासाघीस करू लागली तर करू द्या, मराठीतच. बुजणाऱ्या मुलांना आधी दुकानदार करा. त्यांना एकच ठरलेलं वाक्य लागतं. शेवटची दहा मिनिटं कार्यपत्रिकेला.

कार्यपत्रिका

१. जोड्या लावा.
कांदा – लेमन
बटाटा – कॅरट
वांगं – अनियन
गाजर – पोटॅटो
लिंबू – ब्रिंजल

२. बाई इंग्रजी नाव म्हणतील. ती भाजी जमिनीखाली वाढत असेल तर जमिनीला हात लावा, वर लागत असेल तर हात वर करा.

३. टू कॅरट्स, वन लेमन: पाटीवर चित्र काढा, रंग द्या.

४. घरी आईला किंवा आजीला विचारा, “आज भाजी कोणती?” यांतली असेल तर तिचं इंग्रजी नाव त्यांना सांगा. मेथी असेल तर मेथीच म्हणा.