'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ': लांबलं की मोडलं?

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका पोराच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. पोरगा बंगळुरूला एका कंपनीत नोकरीला. लग्नाच्या पाच दिवस आधी नवरदेवाची आजी वारली. सुतक आलं, म्हणून दोन्ही घरच्या मोठ्यांनी बसून पुढच्या महिन्यातली तारीख काढली. पोरानं साहेबाला इंग्रजीत कळवलं:

"माय सिस्टर्स वेडिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ."

साहेब परप्रांतातला, मराठी न कळणारा. त्यानं जे वाचलं ते बरोबरच वाचलं: बहिणीचं लग्न मोडलं. त्यानं फोन करून पोराचं सांत्वन केलं आणि सुटी रद्द केली. त्याच कंपनीत शेजारच्या गावचा एक जण होता. त्याच्याकडून गोष्ट इकडं आली, आणि आठवडाभर पोराच्या आईला पाणवठ्यावर, किराणा दुकानात, बस स्टँडवर एकच सवाल: "काऊन वो बाई, काय झालं? मोडलं म्हणते लग्न?" खेड्यात मुलीच्या लग्नाबद्दल असं बोललं जाणं किती लागतं, हे तुम्हा पोरींना मी सांगायची गरज नाही. पोरगा मला म्हणाला, "सर, मले त फक्त पुढं ढकललं एवढंच सांगायचं होतं."

त्याला हवं होतं ते 'पुट ऑफ'. त्यानं लिहिलं 'कॉल ऑफ'. म्हणून आज वाचनालयातल्या वर्गात हे दोनच शब्दप्रयोग घेतो आणि नीट घेतो. दहावी-बारावीवाल्यांनी परीक्षेसाठी लिहून घ्या, भरतीवाल्यांनीही घ्या. पण खरं तर हे सगळ्यांच्या रोजच्या कामाचं आहे.

आधी घोळ कुठून होतो ते बघू. घोळ इंग्रजीत नाही, आपल्या बोलण्यात आहे. आपण म्हणतो, "आजची मीटिंग कॅन्सल, सोमवारी आहे." मीटिंग सोमवारी आहे म्हणजे ती रद्द झालीच नाही, फक्त लांबली. तरी तोंडात 'कॅन्सल' बसलाय. मग इंग्रजी लिहिताना आपण त्या 'कॅन्सल'चा जोडीदार शोधतो, आणि तो निघतो 'कॉल ऑफ'.

'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणं, लांबणीवर टाकणं. काम जिवंत असतं, फक्त त्याचा दिवस सरकतो. 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलं किंवा सुरू असलेलं काम बंद करून टाकणं. त्याला पुढचा दिवस नसतो. पारख करायची सोपी रीत सांगतो. वाक्य झाल्यावर "मग कधी?" असं विचारून बघा. विचारणं शोभलं तर 'पुट ऑफ'. "मग कधी?" विचारणंच चूक वाटलं आणि "का बरं?" एवढंच तोंडात आलं, तर 'कॉल ऑफ'.

"द फार्मर्स पुट ऑफ द सोइंग टिल द नेक्स्ट रेन." शेतकऱ्यांनी पुढचा पाऊस येईस्तोवर पेरणी लांबवली. मृगात पाऊस दगा देतो तेव्हा आपल्याकडं घरोघर हेच होतं. बियाणं घरात तयार असतं, नजर आभाळाकडं असते. पेरणी होणार आहे. इथं 'कॉल्ड ऑफ' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की औंदा वावर पडीक ठेवलं.

"दे पुट ऑफ द बुलक रेस टु संडे." शंकरपट रविवारवर ढकलला.
"दे कॉल्ड ऑफ द बुलक रेस." शंकरपट रद्द केला. जोड्या घेऊन आलेले लोक परत गेले.

ग्रामसभेचं उदाहरण तर आपल्या डोळ्यासमोरचं. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि नंतर ती पुन्हा घेतात. 'तहकूब' हा आपला जुना शब्द 'पुट ऑफ'च्या जवळचा आहे, 'कॉल ऑफ'च्या नाही. कागदोपत्री इंग्रजीत तहकुबीला 'अॅडजर्न' म्हणतात. पण सभा सुरू व्हायच्या आधीच दिवस बदलला असेल तर बोलताना 'पुट ऑफ' अगदी बरोबर.

आता तुमच्या जवळचं उदाहरण. 2020 साली दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. कोरोनामुळं तो आधी पुढं ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच केला. एकाच पेपरला दोन्ही शब्द लागले:

"फर्स्ट दे पुट ऑफ द जिऑग्राफी पेपर. लेटर दे कॉल्ड इट ऑफ."

पहिली बातमी आली तेव्हा पोरांनी पुस्तक मिटलं नव्हतं, कारण पेपर होणारच होता. दुसरी आली तेव्हा मिटलं. त्याच वर्षी टोकियोचं ऑलिंपिक पुढं ढकललं आणि ते 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालं. म्हणजे 'पुट ऑफ'. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा मात्र त्या साली झालीच नाही. म्हणजे 'कॉल ऑफ'. कारण एकच, महामारी. तरी शब्द दोन, कारण निर्णय दोन.

'कॉल ऑफ'ला मराठीत एकच ठरलेला शब्द नाही, हे मला शिकवताना फार उशिरा उमगलं. म्हणूनच पोरांच्या हातून तो निसटतो. लग्न असलं तर आपण 'मोडलं' म्हणतो, सभा असली तर 'रद्द', संप असला तर 'मागे घेतला', शोध असला तर 'थांबवला'. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'कॉल ऑफ' चालतो:

"द वर्कर्स कॉल्ड ऑफ द स्ट्राइक." कामगारांनी संप मागे घेतला.
"दे कॉल्ड ऑफ द सर्च." शोध थांबवला.
"कॉल ऑफ युअर डॉग!" तुमचं कुत्रं आवरा, मागं बोलवा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण अर्थाचं मूळ चित्र त्यात दिसतं: धावून गेलेल्याला हाक मारून मागं फिरवणं. संप, शोध, सामना हे सगळं सुरू झालेलं असतं आणि कुणीतरी अधिकारानं त्याला मागं बोलावतं. यातून आणखी एक फरक निघतो. सुरू झालेल्या कामालाही 'कॉल ऑफ' लागतो. 'पुट ऑफ' मात्र सुरू न झालेल्या कामालाच. कबड्डीचा सामना अर्ध्यावर आला आणि पाऊस कोसळला, पंचांनी सामना सोडून दिला, तर "दे कॉल्ड ऑफ द मॅच." सकाळीच मैदानात चिखल बघून उद्यावर टाकला, तर "दे पुट ऑफ द मॅच टिल टुमॉरो."

'एंगेजमेंट' या शब्दाशी सांभाळून. आपल्यासाठी साक्षगंध म्हणजे तो कार्यक्रम, ते पेढे, ती साडी. इंग्रजीत 'एंगेजमेंट' म्हणजे कार्यक्रमही आणि सोयरीक ठरलेली असणंही. त्यामुळं "दे कॉल्ड ऑफ द एंगेजमेंट" वाचलं की लोकांना सोयरीक मोडली असंच वाटणार. कार्यक्रमाचा दिवस बदलला असेल तर "दे पुट ऑफ द एंगेजमेंट सेरेमनी" असं पूर्ण लिहा आणि पुढं नवी तारीख जोडा. तारीख जोडली की शंकेला जागाच उरत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात. 'पुट'चं भूतकाळी रूपही 'पुट'च, 'पुटेड' असं काही नसतं. 'कॉल'चं 'कॉल्ड'. 'इट' किंवा 'देम' आलं तर ते मधे बसतं: "पुट इट ऑफ", "कॉल इट ऑफ". "पुट ऑफ इट" लिहिलं की गुण गेला. नाम मात्र दोन्हीकडं चालतं: "पुट ऑफ द मीटिंग" किंवा "पुट द मीटिंग ऑफ". 'पुट ऑफ'नंतर क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावून येतं:

"माय फादर कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टु द डॉक्टर." बाबा दवाखान्यात जायचं रोज उद्यावर टाकतात.

इथं "टु गो" नको. आणि या जागी 'कॉल ऑफ' बसतच नाही, कारण तो ठरलेल्या कार्यक्रमाला किंवा चालू मोहिमेला लागतो, आपल्या मनातल्या आळसाला किंवा भीतीला नाही. तसंच रेल्वेचं तिकीट किंवा दुकानातली ऑर्डर 'कॉल ऑफ' होत नाही. तिथं 'कॅन्सल'च लिहा.

'पुट ऑफ' माणसालाही लागतो, आणि हा उपयोग आपल्या शेतकऱ्याच्या फार ओळखीचा आहे. कापूस देऊन महिना झाला, चुकाऱ्यासाठी गेलं की व्यापारी म्हणतो परवा या. परवा गेलं की सोमवारी या. "ही कीप्स पुटिंग मी ऑफ." तो मला नुसता टोलवतो. "ही कॉल्ड मी ऑफ" म्हटलं तर अर्थ असा होईल की मी कुणावर तरी धावून गेलो होतो आणि त्यानं मला मागं बोलावलं. चुकाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणखी एक अर्थ, मन उडण्याचा: "द स्मेल पुट मी ऑफ माय फूड." त्या वासानं जेवणावरची वासनाच गेली. दिवा बंद करायला मात्र परीक्षेत 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' लिहा. आपल्याकडं "पुट ऑफ द लाइट" सर्रास बोलतात आणि ते समजतंही, पण आजच्या दोन शब्दांत त्याची भेसळ नको.

आता वहीत ही वाक्यं इंग्रजीत करा. ग्रामपंचायतीनं पाऊस आल्यामुळं गुरुवारची सभा शनिवारवर ढकलली. बस कामगारांनी संप मागे घेतला. आईनं डोळ्याचं ऑपरेशन वेचणी होईपर्यंत लांबवलं आहे. पुरामुळं औंदाची जत्रा रद्द केली. तिसऱ्या वाक्यावर जरा थांबा. तिथं ऑपरेशन होणार आहे की नाही, हे मनाशी ठरवा आणि मगच शब्द लिहा.

त्या पोरानं माझ्यासमोर बसून साहेबाला दुसरं पत्र लिहिलं. ते असं होतं:

"सर, आय यूज्ड द राँग वर्ड. माय सिस्टर्स वेडिंग वॉज नॉट कॉल्ड ऑफ. वी पुट इट ऑफ टु द ट्वेंटी-फर्स्ट ऑफ मे, बिकॉज देअर वॉज अ डेथ इन द ग्रूम्स फॅमिली. प्लीज ग्रँट मी लीव्ह फ्रॉम द नाइन्टीन्थ."

सुटी मिळाली. एकोणीस तारखेच्या सकाळी तो गावात उतरला आणि थेट मांडवाच्या डहाळ्या आणायला गेला.