गणपतीच्या सुट्टीत सर्वांनी मिळून खेळायच्या एका खेळाचा प्रस्ताव

समस्त वडीलधाऱ्यांना सादर नमस्कार आणि लहानांना अनेक आशीर्वाद.

यंदा गणपतीला कुडाळच्या घरी आपण सव्वीस जण एकत्र येणार आहोत, आणि बऱ्याच वर्षांनी पुण्याची, मुंबईची, तसेच परदेशातून येणारी मुले एकाच वेळी त्या घरात असतील. रात्रीची आरती आणि जेवणे झाल्यावर पुरुष ओटीवर, मुले आपापल्या मोबाइलसह माळ्यावर आणि काकी-वहिनी स्वयंपाकघरात, अशी आपली नेहमी विभागणी होते. यंदा ती मोडावी आणि ऋषिपंचमीच्या रात्रीपासून सलग तीन रात्री आपण सर्वांनी माजघरात एका सतरंजीवर बसून बदाम सात खेळावे, असा माझा प्रस्ताव आहे. वाचून आपले मत अवश्य कळवावे.

बदाम सातच का, हे थोडे सविस्तर लिहिते. लगोरी मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. पण भाद्रपदात आपले खळे कधी वाळलेले असेल याची खात्री नसते, आणि माई किंवा मोठ्या काकांना त्यात केवळ प्रेक्षक म्हणून बसावे लागेल. भेंड्यांमध्ये परदेशात वाढलेल्या मुलांची अडचण होईल, कारण त्यांना आपली गाणी फारशी येत नाहीत. मेंढीकोटात चौघे खेळतात आणि उरलेले त्यांच्या खांद्यावरून डोकावतात. सावंतवाडीची गंजिफा आपल्या इतक्या जवळची, आणि दशावतारी गंजिफेची ती एकशेवीस गोल पाने दिसायलाही फार सुंदर. परंतु ती मांडून खेळता येणारे आपल्या घरात आता कोणीच नाही. बदाम सातला मात्र केवळ अंक आणि चार रंग ओळखता आले की पुरे, त्यामुळे सहा वर्षांची मनवा आणि ऐंशी ओलांडलेल्या माई यांना एकाच डावात बरोबरीने बसता येईल. शिवाय वीज गेली, जी या दिवसांत जातेच, तरी कंदिलाच्या उजेडात खेळ अडणार नाही.

एवढ्या जणांना एक कॅट पुरणार नाही, म्हणून दोन कॅट एकत्र पिसावेत आणि जोकर बाजूला काढावेत. एकशेचार पाने होतात. आपण सव्वीस जण जोड्यांनी खेळलो तर तेरा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला बरोबर आठ पाने येतात. वयाने मोठ्या असलेल्या तेरा जणांच्या चिठ्ठ्या एका वाटीत आणि धाकट्या तेरा जणांच्या दुसऱ्या वाटीत ठेवून दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलावी. आई किंवा वडील आणि त्यांचेच मूल एकत्र आले, तर चिठ्ठी परत टाकावी. पाने धाकट्याने हातात धरावीत, आणि कोणते पान उतरायचे हे दोघांनी मिळून ठरवावे. या प्रस्तावातील माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट हीच आहे, कारण एरवी वर्षानुवर्षे एकमेकांशी ‘कसा आहेस, कितवीत आहेस’ यापलीकडे न बोललेली दोन माणसे त्या निमित्ताने तासभर एकमेकांच्या कानात कुजबुजतील. दर रात्री जोड्या नव्याने पाडाव्यात. एखादी जोडी कमी झाली, तर बारा जोड्यांपैकी आठांना नऊ आणि चौघांना आठ पाने येतील. त्याने खेळात फारसा फरक पडत नाही.

आता नियम. आपल्याकडे प्रत्येक घराचे नियम निराळे असतात आणि वाद तेथेच होतात, म्हणून ते आधीच लिहून ठेवणे बरे. पाने वाटणाऱ्याच्या उजव्या हाताकडून मोजता ज्या जोडीकडे प्रथम बदामाची सत्ती सापडेल, त्या जोडीने ती मांडून डाव सुरू करावा. त्यानंतर पाळीप्रमाणे प्रत्येकाने एकच पान लावावे: मांडलेल्या सत्तीच्या वर त्याच रंगाची अठ्ठी, नव्वी असे राजापर्यंत, खाली छक्की, पंजी असे एक्क्यापर्यंत, किंवा कोणत्याही रंगाची नवी सत्ती. दोन कॅट असल्याने प्रत्येक रंगाच्या दोन रांगा, म्हणजे एकूण आठ रांगा होतील, आणि पान दोहोंपैकी कोणत्याही रांगेत लावता येईल. एक्का नेहमी दुर्रीच्या खालीच लागेल, राजाच्या वर नाही. लावण्याजोगे एकही पान नसेल तरच पास म्हणावे. लागणारे पान हातात ठेवून पास म्हणण्याची मुभा असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पाने लागत असताना कोणते लावायचे आणि इतरांची वाट अडवणारी छक्की किंवा अठ्ठी किती पाळ्या मागे ठेवायची, यातच या खेळाचे खरे कौशल्य आहे, आणि पाने लपवण्याची परवानगी दिली तर ते कौशल्यच उरत नाही.

एखाद्या जोडीची पाने संपली की डाव थांबेल आणि इतरांच्या हातात उरलेल्या पानांचे गुण मोजले जातील. एक्क्याचा एक, पुढे अंकांप्रमाणे, गुलामाचे अकरा, राणीचे बारा आणि राजाचे तेरा. हे गुण जोडीतील दोघांच्याही नावावर लिहावेत, म्हणजे जोड्या बदलल्या तरी हिशेब चालू राहील. तीन रात्रींनंतर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. वही नंदूकाकांनी सांभाळावी, अशी त्यांना विनंती आहे. पैसे लावून खेळू नये, अगदी रुपयासुद्धा नको. देवासमोरच्या खोलीत आणि लहान मुलांच्या संगतीत ते शोभत नाही.

वेळेबाबत एक गोष्ट आग्रहाने मांडते. स्वयंपाकघरातील सर्व आवराआवर पूर्ण झाल्याशिवाय पहिले पान वाटले जाऊ नये, आणि ती आवराआवर सर्वांनी मिळून करावी. भांडी घासणे, ओटा पुसणे, दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी नारळ खवून ठेवणे, यांत पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हात लावला तर साडेनऊपर्यंत सर्वजण मोकळे होतील. काकी आणि वहिनी आत राबत असताना बाहेर चाललेल्या खेळाला सर्व कुटुंबाचा खेळ म्हणता येणार नाही, आणि तसे होणार असेल तर मी हा प्रस्ताव मागे घेणेच पसंत करीन. साडेनऊला सुरुवात करून अकराला उठावे, कारण पहाटे फुले-दूर्वा काढणाऱ्यांना लवकर उठायचे असते. ज्या रात्री वाडीतील भजनी मंडळ आपल्याकडे येईल, त्या रात्री अर्थातच खेळ बंद राहील आणि तो पुढच्या रात्री होईल. खेळाच्या वेळी मोबाइल फडताळात ठेवावेत. फक्त ज्यांना रुग्णालयातून बोलावणे येऊ शकते, त्या सुनीलदादाचा अपवाद असावा.

पत्ते मी आणते. पावसाळी हवेत कागदी पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून प्लॅस्टिकचे आणि माईंना चष्म्याशिवायही दिसतील अशा मोठ्या अंकांचे दोन कॅट घेईन. जुनी मोठी सतरंजी माळ्यावरच्या पेटीत आहे. ती एकदा उन्हात घालून ठेवावी, अशी दादा-वहिनींना विनंती.

नियमांत कोणाला काही बदल सुचवायचा असल्यास येत्या रविवारपर्यंत येथेच लिहावे, म्हणजे अंतिम नियम एका कागदावर उतरवून माजघराच्या भिंतीवर लावता येतील. ज्यांचे रेल्वेचे आरक्षण अद्याप प्रतीक्षा यादीत आहे, त्यांनी ते निश्चित होताच कळवावे. जोड्यांची संख्या त्यावर ठरेल.

आपली,
मेधा