कनिष्ठ ड्राफ्ट्समन पदासाठी अर्ज

दारव्हा, जि. यवतमाळ
दि. 12 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
स्थापत्य सल्लागार कार्यालय, यवतमाळ

विषय : कनिष्ठ ड्राफ्ट्समन पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या कार्यालयात कनिष्ठ ड्राफ्ट्समनची जागा असल्याची जाहिरात रविवारच्या पेपरात वाचली. मी 2023 मध्ये सिव्हिल डिप्लोमा 71 टक्क्यांनी पूर्ण केला असून गेले सव्वा वर्ष दारव्ह्यातील एका इंजिनिअर साहेबांकडे ऑटोकॅडवर काम करतो.

आमच्याकडे येणारी कामं मोठी नसतात: घरकुलं, दुकानाचे गाळे, एखादं गोदाम. पण मोजणीपासून प्रिंटपर्यंत सगळं मीच करतो. टोटल स्टेशनचे पॉइंट घेऊन साइट प्लॅन, मग फ्लोअर प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन, कॉलम-फूटिंगचा लेआउट आणि सळईचं बारबेंडिंग शेड्यूल. काळ्या मातीमुळे फूटिंगची खोली जागेवर बदलते. त्यामुळे फूटिंगचे सेक्शन दुरुस्त करणं हे जवळपास रोजचंच.

एक चूक मुद्दाम सांगतो. सुरुवातीला घाईत एका खोलीचं सेंटर-टू-सेंटर माप 3130 चं 3230 करायचं होतं. भिंत न सरकवता मी फक्त डायमेन्शनचा आकडा खोडून नवा टाकला. चुन्याने आखणी करताना गवंडी काकांनी सुटी मापं बेरजेला धरली आणि म्हणाले, "बाबू, तुह्या कागदात शंभर जास्त येऊन रायले." खोदाई सुरू व्हायची होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून डायमेन्शनचा आकडा मी हाताने बदलत नाही. आधी रेष हलते, मग आकडा आपोआप बदलतो. प्रिंट काढण्याआधी सुट्या मापांची बेरीज एकूण मापाशी ताडून पाहतो.

भिंती, कॉलम, दारं-खिडक्या, मापं यांचे लेयर वेगळे ठेवतो. फाइल देण्याआधी `OVERKILL` आणि `PURGE` चालवतो. लाइटचा भरवसा नसल्यामुळे `SAVETIME` 5 मिनिटांवर आहे. सगळं काम मिलिमीटरमध्ये, प्लॉट लेआउटमधून 1:100 किंवा 1:50 ला. रेव्हिट शिकतोय, पण अजून त्यावर स्वतंत्र काम केलेलं नाही.

सोबत बायोडाटा, गुणपत्रिका आणि एका दुमजली घराच्या ड्रॉइंगचा संच पीडीएफ व डीडब्ल्यूजी अशा दोन्ही स्वरूपात जोडला आहे. मालकाच्या परवानगीने त्यांचं नाव त्यातून काढलं आहे. डीडब्ल्यूजी उघडून लेयर पाहिलेत तर माझ्या कामाची पद्धत पत्रापेक्षा लवकर कळेल.

मुलाखतीच्या वेळी संगणकावर ड्रॉइंग काढून दाखवायची तयारी आहे. निवड झाल्यास हातातलं काम सोपवून 1 जुलैपासून रुजू होऊ शकेन. यवतमाळला मावशीकडे राहण्याची सोय आहे. मोबाईल नंबर बायोडाटात दिला आहे.

आपला विश्वासू,
प्रफुल्ल राऊत